शाळेची फी एकरकमी की हप्त्याने? वाशिमच्या घरांसाठी खरा हिशोब जूनचा आहे

जिल्हा परिषदेच्या उर्दू किंवा मराठी शाळेत मूल असेल, तर हा प्रश्न फारसा येत नाही. पण वाशिम, कारंजा, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कुठंही मुलाला खासगी इंग्रजी शाळेत घातलं की एप्रिल-मे महिन्यात हातात एक कागद येतो. वर्षाची फी अमुक, जूनअखेर सगळी भरली तर पाच टक्के सूट, नाहीतर चार हप्ते. बरेच पालक सूट बघून कुठून तरी पैसे उभे करतात. काहीजण “एवढे कुठून आणायचे” म्हणून हप्त्यांवर टिक करतात आणि विषय संपवतात. दोन्हीकडे हिशोब मांडायचा राहून जातो.

आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या चौथ्या आठवड्यात सुरू होतात. म्हणजे फीची तारीख नेमकी पेरणीच्या तोंडावर येते. घरात शेती नसली तरी फरक पडत नाही. किराणा, कापड, वेल्डिंग, गॅरेज, कोणतंही दुकान असो, गिऱ्हाईक शेतकरीच असतो आणि जूनमध्ये त्याचा पैसा बी-खतात गेलेला असतो. वसुली थांबते ती सोयाबीन बाजार समितीत येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत. त्यात बकरी ईद. २०२५ साली ती ७ जूनला होती. आता ती दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत मे महिन्यात गेली आहे, पण कुर्बानीचा आणि कपड्यांचा खर्च होऊन महिनाही होत नाही तोच शाळा उघडते.

आता आकडे घेऊ. समजा मंगरुळपीरचं एक कुटुंब आहे. छोटं दुकान, चार एकर सोयाबीन, मुलगी तिसरीत. फी वर्षाला २४,००० रुपये. जूनअखेर एकरकमी भरली तर पाच टक्के सूट, म्हणजे २२,८०० रुपये. नाहीतर ६,००० रुपयांचे चार हप्ते, जूनअखेर, सप्टेंबरअखेर, डिसेंबरअखेर आणि मार्चअखेर.

सूट १,२०० रुपयांची. ती २४,००० वर मिळाली असं वाटतं, पण तसं नाही. जूनचे ६,००० तर दोन्ही पद्धतींत द्यायचेच आहेत. एकरकमी भरताना तुम्ही वेळेआधी देता ते २२,८०० वजा ६,०००, म्हणजे १६,८०० रुपये. हे पैसे हप्त्यांमध्ये तीन, सहा आणि नऊ महिन्यांनी गेले असते, म्हणजे सरासरी सहा महिन्यांनी. तर १६,८०० रुपये सहा महिने आधी दिल्याबद्दल शाळा तुम्हाला १,२०० रुपये सोडते. आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर महिन्याला शेकडा सव्वा रुपयाच्या जरा खाली.

हा सव्वा रुपया लक्षात ठेवला की निर्णय बराच सोपा होतो. पैसे बचत खात्यात नुसते पडून असतील, तर एकरकमी भरा. बँक तुम्हाला त्याच्या जवळपासही देत नाही, आणि ज्यांना व्याज घ्यायचंच नाही त्यांच्यासाठी तर ही सरळ बचत आहे. पण फी भरायला कुणाकडून दोन रुपये, तीन रुपये शेकड्याने पैसे उचलावे लागत असतील, तर सूट शाळेकडून घेऊन सावकाराला दिल्यासारखं होतं.

हप्ते कमी असले की हेच गणित बदलतं. तीच शाळा जून आणि नोव्हेंबर असे दोनच हप्ते देत असेल, तर वेळेआधी द्यायचे फक्त १०,८०० रुपये, तेही पाच महिने आधी. त्यावर १,२०० सुटतात म्हणजे शेकडा सव्वादोन रुपये महिना. पाच टक्के दोन्हीकडे सारखेच दिसतात, किंमत मात्र दुप्पट. म्हणून सुटीची टक्केवारी बघण्याआधी हप्त्यांच्या तारखा बघा.

आता या कुटुंबाचा जून महिना पाहू. हातात ३०,००० रुपये आहेत असं धरा. पेरणीचे २०,०००, वह्या-पुस्तकं-गणवेश ५,०००. उरले पाच. यात पहिला हप्तासुद्धा हजाराने कमी पडतो. तो गल्ल्यातून निघेल. पण एकरकमी भरायची तर आणखी १६,८०० बाहेरून आणावे लागतील. दोन रुपये शेकड्याने आणले आणि १५ नोव्हेंबरला सोयाबीन विकून फेडले, तर साडेचार महिन्यांचे १,५१२ रुपये जातात. फी पडली २४,३१२ रुपयांना. तीन रुपये शेकडा असेल तर २५,०६८. कृषी केंद्रातून बी-खत उधारीवर घेऊन हातातली रोकड फीला दिली, तरी हे कर्जच आहे. उधारीचा भाव आणि रोखीचा भाव दोन्ही विचारले की त्याचं व्याज किती ते कळतं.

हप्त्याने भरली तर अडचण सप्टेंबरची आहे. त्या वेळी सोयाबीन शेतात उभं असतं किंवा नुकतं कापणीला आलेलं असतं. वर्षातला सगळ्यात कोरडा महिना तो. तेव्हा ६,००० रुपये दीड महिन्यासाठी दोन रुपयांनी उचलले तर १८० जातात, फी पडते २४,१८०. म्हणजे एकरकमीपेक्षा फार स्वस्त नाही, पण डोक्यावर कर्ज १६,८०० ऐवजी ६,००० चं असतं. कापणीच्या वेळी पाऊस लागला आणि दाणा काळा पडला, तर हा फरक १३२ रुपयांचा राहत नाही.

आणि हप्ता तसाच थकवला तर? बऱ्याच शाळा दिवसाला ठरावीक दंड लावतात. दिवसाला दहा रुपये धरले तर ३० सप्टेंबरपासून १५ नोव्हेंबरपर्यंत ४६ दिवसांचे ४६० रुपये. सहा हजारांवर दीड महिन्याला ४६० म्हणजे शेकडा पाच रुपये महिना. दहा रुपये छोटे वाटतात म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून सुटीसाठी घासाघीस करण्यापेक्षा तारखेसाठी बोला. सप्टेंबरचा हप्ता १५ नोव्हेंबरला नेता आला, तर फी बरोबर २४,००० ला पडते, कर्ज नाही, दंड नाही. हे मार्च-एप्रिलमध्ये बोलायचं, नवीन वर्षाचं पत्रक छापण्याआधी. साध्या अर्जावर, कारण लिहून, पोच घेऊन. शाळेला दर महिन्याला शिक्षकांचे पगार करायचे असतात, त्यामुळे “नंतर देतो” पेक्षा “१५ नोव्हेंबरला देतो” हे त्यांना जास्त पटतं. कोरोनाच्या काळात, ८ मे २०२० च्या शासन निर्णयाने, पालकांना मासिक किंवा तिमाही फी भरण्याचा पर्याय द्यायला सांगितलं होतं. तो त्या वेळेपुरता होता, पण हप्ते पाडून देणं शाळांना नवीन राहिलेलं नाही. एकट्याने जाण्यापेक्षा पालक-शिक्षक संघातून दहा-पंधरा पालकांनी मिळून मागितलं तर जास्त चालतं. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यात फी ठरवण्यात संघाच्या कार्यकारी समितीला जागा आहे, आणि एकदा ठरलेली फी दोन शैक्षणिक वर्षं बांधील असते. म्हणजे पुढच्या जूनचा आकडाही निम्म्या वेळा आधीच माहीत असतो.

मार्चच्या हप्त्याकडेही बघा. सध्या रमजान ईद मार्चमध्ये येते आहे. फीची तारीख सरकारी कॅलेंडरवर, ईद चंद्रावर, त्यामुळे ही टक्कर कायमची नाही. चार वर्षांत ईद फेब्रुवारीच्या सुरुवातीला जाईल. तोपर्यंत तूर विकली की, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतच, तो हप्ता बाजूला काढलेला बरा.

व्याज न देता सूटही मिळवायचा एक रस्ता आपल्याकडे जुना आहे, भिशी. बारा जणांची, महिना २,००० ची भिशी जूनमध्ये सुरू करा आणि सगळ्यांच्या संमतीने पहिला नंबर स्वतःसाठी बांधून घ्या. २४,००० येतात, त्यातले २,००० आपलेच, म्हणजे नव्याने २२,०००. वरच्या कुटुंबाचे ३०,००० धरून ५२,००० झाले. पेरणी, पुस्तकं आणि २२,८०० फी जाऊन ४,२०० उरतात. पुढे मेपर्यंत दर महिन्याला २,०००. सप्टेंबरमध्येही ६,००० नाही, दोनच हजार. फी पडली २२,८०० ला.

पण भिशी चिठ्ठीची किंवा बांधलेल्या नंबरची असावी. लिलावाच्या भिशीत आधी उचलणाऱ्याला रक्कम सोडावी लागते, तिथं सूट पुन्हा गेली. आणि माणसं ओळखीची हवीत. मध्येच कुणी थांबलं, तर त्याची झळ शेवटच्या नंबरवाल्यांना बसते. पहिला नंबर घेणाऱ्यावर म्हणूनच जास्त जबाबदारी असते.

काही शाळा आता फायनान्स कंपनीमार्फत “बिनव्याजी ईएमआय” देतात. कंपनी शाळेला वर्षाची फी देते, तुम्ही कंपनीला बारा महिने २,००० देता. रोख भरणाऱ्याला २२,८०० आणि तुम्हाला २४,०००, तर व्याज १,२०० रुपये आहे, नाव काहीही असो. शिवाय हे कर्ज तुमच्या नावावर आहे. मुलीने शाळा सोडली तरी हप्ते आपोआप थांबत नाहीत, आणि चुकले तर सिबिलमध्ये दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार कंपनीने सगळे खर्च धरून वार्षिक दर लिहिलेलं पत्रक सहीआधी द्यायचं असतं. ते मागून घ्या.

हप्त्याची फी रोखीपेक्षा जास्त असणं हे सूद आहे का, असं अनेकजण विचारतात. दोन किमती आधीच सांगून त्यातली एक पक्की केली, तर बहुतेक उलेमा ते जायज मानतात. उशीर झाला म्हणून रोज वाढत जाणारी रक्कम हा वेगळा मामला आहे. शंका असेल तर शाळेचं पत्रक घेऊनच मुफ्ती साहेबांकडे जा, नुसतं तोंडी सांगू नका.

एकरकमी भरण्याआधी एक गोष्ट लेखी घ्या. मूल मध्येच निघालं तर किती परत मिळणार? ज्यांचं काम पुणे-मुंबईकडे हलण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी १,२०० च्या सुटीपेक्षा हे उत्तर मोठं आहे. दिवाळीत घर हललं आणि शाळेने काहीच परत दिलं नाही, तर डिसेंबर आणि मार्चच्या वाट्याचे, सूट वजा जाता, १०,८०० गेले. असं घर असेल तर हप्तेच बरे, हातात पैसे असले तरी.

आणि जमेच्या बाजूला शिष्यवृत्ती धरू नका. केंद्राची अल्पसंख्याक प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिसरीतल्या मुलीच्या फीच्या हिशोबात तिला जागा नाही.