शाळेची शिल्लक नेमकी कोणाची?

शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या वार्षिक सभेत हिशेबाचे कागद वाटले जातात तेव्हा बहुतेकांची नजर थेट तळाशी जाते. शिल्लक दिसली की सभा निर्धास्त होते, आणि चहा येईपर्यंत कोणीतरी प्रोजेक्टर घेण्याची सूचनाही मांडून मोकळे होते. वरच्या आकड्यांत काय काय मिसळले आहे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. फीची थकबाकी, शिष्यवृत्ती निधी आणि कायम ठेवीची देणगी या तीनच गोष्टी चुकीच्या जागी पडल्या, तर तोट्यातली शाळा फायद्यात दिसू शकते. त्यात कोणी पैसे खाल्लेले असतात असेही नाही.

एक उदाहरण घेऊ. शाळा विनाअनुदानित, काल्पनिक. आकडे सोयीसाठी लहान. वर्षभर पट १५५ मुलांचा, फी महिना १,००० रुपये. २०२४-२५ मध्ये फीपोटी १८,४०,००० रुपये हाती आले. शिष्यवृत्ती निधीसाठी ५०,००० रुपयांची देणगी मिळाली आणि त्या निधीच्या मुदत ठेवीवर ३५,००० रुपये व्याज आले. मार्चअखेरीस एका माजी विद्यार्थिनीने आईच्या नावे दोन लाख रुपये दिले. मुद्दल कायम ठेवायचे आणि व्याजातून दरवर्षी गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीला बक्षीस द्यायचे, असे पत्र सोबत जोडले. खर्चाच्या बाजूला पगार, वीज, दुरुस्ती वगैरे १९,१०,००० रुपये आणि वाटलेल्या शिष्यवृत्त्या २८,००० रुपये. घसारा तूर्त बाजूला ठेवू.

खजिनदारांनी सरळ हिशेब केला. आले २१,२५,०००, गेले १९,३८,०००, शिल्लक १,८७,०००. बँकेच्या पासबुकाशी हा आकडा जुळतोही, आणि घोटाळा तिथेच होतो. पासबुक फक्त पैसे आले-गेले एवढेच सांगते. त्यातले या वर्षाचे किती आणि शाळेच्या हक्काचे किती, हे सांगण्यासाठी उत्पन्न-खर्च पत्रक असते.

आधी फी पाहू. हाती आलेल्या १८,४०,००० पैकी ६०,००० रुपये गेल्या वर्षीच्या थकबाकीचे होते. ते उत्पन्न गेल्याच वर्षी धरले गेले होते, त्यामुळे यंदा ते वजा करायचे. काही पालकांनी मार्चमध्येच एप्रिल-मेची फी भरून टाकली, ते २५,००० रुपये पुढच्या वर्षाचे, तेही वजा. उलट गेल्या मार्चमध्ये अशीच आगाऊ आलेली १५,००० रुपयांची फी यंदाची आहे, ती मिळवायची. आणि या वर्षाची जी फी ३१ मार्चपर्यंत आलीच नाही, ते ९०,००० रुपयेही मिळवायचे. कारण मुलाला शिकवून झाले आहे, फी येणे झाली आहे, फक्त पैसे पोचलेले नाहीत. एवढे केल्यावर फीचे उत्पन्न होते १८,६०,००० रुपये.

हा आकडा बरोबर आहे का, हे पाहायला ऑडिटर लागत नाही. १५५ मुले, १२ महिने, १,००० रुपये, असा गुणाकार केला की १८,६०,०००च येतात. खऱ्या शाळेत फीमाफी, भावंडांची सवलत, अधेमधे आलेली-गेलेली मुले यामुळे फरक पडेल, पण प्रत्येक फरकाला फी रजिस्टरमध्ये मुलाचे नाव सापडले पाहिजे. गुणाकार आणि हिशेब यांत मोठी तफावत असेल आणि नावे मिळत नसतील, तर पावती पुस्तके काढून बसावे. पट रजिस्टरवर आहे आणि फी हिशेबात नाही, याचा अर्थ एक तर थकबाकी लिहायची राहिली, नाहीतर पावती फाडून पैसे भरायचे राहिले.

थकबाकी उत्पन्नात धरायची म्हणजे ती वसूल होणारच असे समजायचे नाही. आपल्या शाळेची वर्षारंभी जुनी थकबाकी ८०,००० होती, त्यातले ६०,००० आले. उरलेले २०,००० रुपये ज्या मुलांचे, ती दाखला घेऊन गेलेली. घर बदललेले, फोन लागत नाही. हे २०,००० ताळेबंदात येणे म्हणून वर्षानुवर्षे दाखवत राहणे ही शाळांची आवडती सवय आहे, कारण बुडीत म्हणायला ठराव लागतो आणि ठराव करायला कोणालाच आवडत नाही. पण महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या उत्पन्न-खर्च पत्रकाचा जो ठरलेला नमुना आहे, १९५१ च्या नियमांतली अनुसूची नऊ, त्यात बुडीत रकमांसाठी वेगळा रकाना दिलेला आहे. तिथे हे २०,००० लिहायचे. खर्च १९,३०,००० झाला.

येण्याचा आणखी एक प्रकार या शाळांना चांगला परिचयाचा आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली २५ टक्के जागांवर घेतलेल्या मुलांची भरपाई सरकारकडून यायची असते आणि ती उशिरा येते. ही रक्कम पालकांच्या थकबाकीत मिसळू नये. सरकारकडून येणे म्हणून वेगळी दाखवावी. आणि ती शाळेच्या फीच्या दराने धरू नये. कायद्याने भरपाई मिळते ती सरकारचा दर आणि शाळेची प्रत्यक्ष फी यांतल्या कमी रकमेची. जास्त दराने लिहिलेले येणे कधीच पुरते वसूल होत नाही आणि दरवर्षी फुगत जाते.

आता शिष्यवृत्ती निधी. वर्षारंभी तो पाच लाखांचा होता. त्यात ५०,००० ची नवी देणगी आणि ३५,००० व्याज मिळवायचे, वाटलेल्या शिष्यवृत्त्यांचे २८,००० वजा करायचे. निधी झाला ५,५७,०००. एवढा सगळा हिशेब ताळेबंदाच्या देणे बाजूला, निधीच्या खात्यातच होतो. उत्पन्न-खर्च पत्रकात यातला एक रुपयाही येत नाही, ना देणगी, ना व्याज, ना शिष्यवृत्ती. शेजाऱ्यांनी गावाला जाताना सांभाळायला दिलेले दागिने आपल्या कपाटात असतात म्हणून आपण श्रीमंत होत नाही. खजिनदारांच्या कागदात मात्र ८५,००० आले आणि २८,००० गेले, म्हणजे ५७,००० रुपयांची शिल्लक दुसऱ्याच्या पैशातून तयार झाली.

निधी आटला तर काय? समजा खात्यात २०,००० च उरले आणि शिष्यवृत्त्या २८,००० च्या जाहीर झाल्या. मग वरचे ८,००० शाळेने आपल्या खिशातून दिले. तेवढेच उत्पन्न-खर्च पत्रकात खर्च म्हणून पडतील. निधीचे खाते उणे करून ठेवणे ही पळवाट झाली.

आणि निधी कागदावर मोठा असला तरी तेवढा पैसा खरोखर बाजूला आहे का, हे वेगळे तपासावे लागते. देणे बाजूला शिष्यवृत्ती निधी ५,५७,००० असेल, तर मालमत्तेच्या बाजूला त्याच्या नावाने ठेवी आणि बँक शिल्लक मिळून तेवढीच असायला हवी. तिथे ४,२०,००० च सापडले, तर १,३७,००० रुपये पगारात किंवा वर्गखोलीच्या स्लॅबमध्ये गेले असे समजावे. दोन्ही बाजूंची बेरीज जुळते म्हणून ताळेबंद बरोबर दिसतो. फट फक्त या दोन ओळी शेजारी ठेवल्यावर दिसते. ठेवीच्या पावत्यांची यादी मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर बहुधा हेच कारण असते.

राहिले दोन लाख. ही रक्कम कायम निधीत जाते, उत्पन्नात नाही, कारण देणाऱ्या बाईंनी मुद्दल राखायला लेखी सांगितले आहे. ते पत्र नीट जपायचे; आयकराच्या दृष्टीनेही देणगी कायम निधीची ठरते ती देणाऱ्याच्या स्पष्ट सूचनेमुळे, विश्वस्तांनी नंतर केलेल्या ठरावामुळे नाही. पुढच्या वर्षापासून तिच्यावर सात टक्क्यांनी १४,००० रुपये व्याज येईल आणि ते बक्षिसासाठीच आहे, म्हणून बक्षीस निधीत जाईल. त्या वर्षी १०,००० चे बक्षीस दिले तर ४,००० निधीतच राहतील.

मात्र याच बाईंनी व्याज शाळेने हवे तसे वापरावे असे लिहिले असते, तर १४,००० रुपये सरळ उत्पन्न-खर्च पत्रकात उत्पन्न म्हणून आले असते. मुद्दल तरीही कायम निधीतच राहिले असते. जुन्या संस्थांत गोंधळ होतो तो इथे. मूळ पत्रे हरवलेली असतात, सगळ्या ठेवी एकाच बँकेत एकत्र केलेल्या असतात आणि व्याजाची एकच रक्कम जमा होते. मग लेखनिक ती अख्खी ‘बँक व्याज’ या नावाने उत्पन्नात टाकतो. अशा वेळी निदान ठेवींच्या प्रमाणात व्याज वाटून प्रत्येक निधीत न्यावे.

आता आपल्या शाळेचा निकाल लावू. उत्पन्न १८,६०,०००, खर्च १९,३०,०००, तूट ७०,०००. खजिनदारांची १,८७,००० ची शिल्लक गेली कुठे? त्यातले २,५७,००० रुपये निधींचे होते: शिष्यवृत्तीचे ५७,००० आणि कायम निधीचे दोन लाख. फीच्या हिशेबाने २०,००० वाढले आणि बुडीत थकबाकीने तेवढेच कमी झाले. प्रोजेक्टर घेतला असता तर तो एका आईच्या नावाच्या पैशातून आला असता.

हा हिशेब पालकांच्याही कामाचा आहे. फी नियमनाच्या २०११ च्या कायद्यानुसार व्यवस्थापनाला फीचा प्रस्ताव कागदपत्रांसह पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. तिथे शिल्लक फुगलेली असेल तर खरी गरज असूनही फीवाढ नाकारली जाते. उलट शिष्यवृत्त्या निधीतून देऊन शाळेच्या खर्चातही दाखवल्या, तर नसलेली तूट दाखवून फी वाढवता येते. दुसरा प्रकार हेतुपुरस्सर असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

शाळेच्या भिंतीवर जुन्या देणगीदारांचा संगमरवरी फलक असेल, तर त्यावर ५०१ रुपयांच्या ठेवी हमखास दिसतील. सात टक्क्यांनी ५०१ रुपयांचे वर्षाला ३५ रुपये होतात. त्यात आज धड पेनही येत नाही. विश्वस्तांना अशा ठेवीचे मुद्दल परस्पर मोडता येत नाही आणि हेतूही ठराव करून बदलता येत नाही. त्यासाठी कायद्याने घालून दिलेल्या वाटेनेच जावे लागते. त्यामुळे बहुतेक शाळा नाव तेच ठेवून भर घालतात. दीडशे रुपयांच्या पुस्तकाला ३५ निधीतून जातात, उरलेले ११५ शाळा देते, आणि ते ११५ उत्पन्न-खर्च पत्रकात बक्षीस खर्च म्हणून लिहिलेले असले पाहिजेत.