रुमालावरील नांव

फुलीच्या टांक्यानें नांव भरावयाचें तर प्रथम तें चौकटीच्या कागदावर मांडावें. एक घर म्हणजे एक फुली. उशीच्या अभ्र्यासाठीं आम्ही मॅटी घेतों, कारण तिचीं घरें डोळ्यांनीं मोजतां येतात. ‘रमा’ हें नांव पाहूं. शिरोरेषेस एक ओळ, तिच्याखालीं सात. ‘र’ला चार घरें, मग एक रिकामें, ‘म’ला पांच, पुढें दोन रिकामीं व कान्यास एक, अशीं रुंदीचीं तेरा घरें झालीं. ‘म’च्या दंडापुढें एकच घर सोडलें तर दंड व काना मिळून एकच जाड रेघ भासते. सातवें घर अभ्र्याच्या मधल्या घडीवर धरून आरंभ केला म्हणजे नांव एका बाजूस सरकत नाहीं.

खरी अडचण ‘ब’ची. त्याचें पोट आंतून तीन घरांचें नसेल तर तिरकी रेघ मावत नाहीं, आणि गिरगांवांतल्या बाबूचा वावू होतो!

हातरुमालाचें सूत मात्र मोजण्याइतकें जाड नसतें. त्यावर सुट्या विणीची जाळी टांचून, दोन्ही कापडांतून फुल्या घालाव्या व शेवटीं जाळी ओलसर करून तिचे धागे एकेक ओढून काढावे. सुई छिद्रांतून न जातां जाळीच्याच धाग्यांत शिरली असेल, तर तो धागा तेथें अडतो.