१०११ ओळखायला किती आठवण लागते?

एका तारेवरून शून्य आणि एक असे अंक येत आहेत, क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक. त्यांत १०११ हा क्रम पुरा झाला की दिवा लागायला हवा. एका क्रमाचा शेवटचा १ पुढच्या क्रमाचा पहिला म्हणूनही चालेल. म्हणजे १०११०११ या सात अंकांत दिवा दोनदा लागेल, चौथ्या आणि सातव्या अंकाला. अशा सर्किटला सीक्वेन्स डिटेक्टर म्हणतात.

मागचे तीन अंक साठवून दर वेळी ताडून पाहिले तरी काम होईल, पण त्याला तीन फ्लिप-फ्लॉप लागतील. इतकं लक्षात ठेवायची गरजच नाही. प्रश्न एवढाच आहे, की १०११ची सुरुवात आतापर्यंत कुठवर जुळली आहे? उत्तरं चारच संभवतात: काहीच नाही, १, १०, किंवा १०१. या चार अवस्थांना अ, ब, क, ड म्हणू. कागदावर चार वर्तुळं काढायची आणि प्रत्येकातून दोन बाण, एक ० आल्यावरचा, एक १ आल्यावरचा. हीच स्टेट डायग्राम.

पुढे नेणारे बाण कुणालाही जमतात. खरी परीक्षा क्रम मोडतो तेव्हाची. ‘ड’मध्ये, म्हणजे १०१ जुळलेलं असताना, ० आला तर कुठे जायचं? विद्यार्थी हमखास ‘अ’कडे बाण काढतात: चुकलं, पहिल्यापासून सुरू करा. पण आलेले अंक १०१० आहेत आणि त्यांची शेपटी १० आहे. ती कामाची आहे, म्हणून बाण ‘क’कडे जातो. तसंच ‘ब’मध्ये पुन्हा १ आला तर ‘ब’मध्येच थांबायचं, कारण ताजा १ नवी सुरुवात आहेच. ‘ड’मध्ये १ आला की दिवा लागतो आणि आपण ‘ब’मध्ये येतो. ‘अ’मध्ये किंवा ‘क’मध्ये ० आला, तर मात्र ‘अ’. आकृती तपासायला मी १०१०११ हे अंक देतो. ‘ड’चा बाण चुकला असेल तर शेवटी दिवा लागत नाही.

चार अवस्थांना दोन फ्लिप-फ्लॉप पुरतात. ‘अ’ला ००, ‘ब’ला ०१, ‘क’ला १० आणि ‘ड’ला ११ असे संकेत देऊ. येणारा अंक x धरला, तर पुढची अवस्था अशी:

```
Q1 Q0   x=0   x=1
0  0    00    01
0  1    10    01
1  0    00    11
1  1    10    01
```

डी फ्लिप-फ्लॉप ठोक्याच्या क्षणी D या पायावर जे असेल ते आत घेतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत Qवर धरून ठेवतो. त्यामुळे पुढची अवस्था हीच D पायांना द्यायची किंमत, वेगळं गणित नाही. (जेके फ्लिप-फ्लॉप वापरला तर मात्र ‘आत्ता काय, पुढे काय’ यावरून J आणि K काढावे लागतात.) तक्त्यातले १ के-मॅपवर मांडून गट केले की समीकरणं निघतात:

```
D1 = Q0·x' + Q1·Q0'·x
D0 = x
Z  = Q1·Q0·x
```

x' म्हणजे xचा उलटा अंक आणि Z म्हणजे दिवा. दुसरी ओळ मला फार आवडते. D0ला एकही गेट लागत नाही, तार थेट जोडायची. कारण संकेत देताना नकळत Q0 हा ‘मागचा अंक काय होता’ याची नोंद बनला: ‘ब’ आणि ‘ड’ दोन्ही १वर संपतात, ‘अ’ आणि ‘क’ नाहीत. ‘क’ला ११ आणि ‘ड’ला १० दिलं असतं, तर हे सुख मिळालं नसतं.

ब्रेडबोर्डवर ७४७४ ही एकच आयसी पुरते, तिच्यात दोन डी फ्लिप-फ्लॉप असतात. वीज दिल्यावर ते कुठल्या अवस्थेत उठतील याचा नेम नाही. ‘ड’मध्ये उठले आणि पहिलाच अंक १ आला, तर दिवा खोटाच लागेल; म्हणून क्लिअरचे पाय क्षणभर शून्यावर नेऊन ‘अ’पासून सुरुवात करायची. क्लॉकसाठी साधं पुशबटन लावलं तर त्याची पट्टी दाबताना थरथरते, एका दाबात अनेक ठोके पडतात आणि एकच अंक अनेकदा मोजला जातो. समीकरणं बरोबर असून निकाल दर वेळी वेगळा आला, तर आधी बटन तपासावं.

Z मात्र थेट xवर अवलंबून आहे. जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या यंत्राचा हा प्रकार. ‘ड’मध्ये असताना, ठोका पडण्यापूर्वी, x क्षणभर १ होऊन परत ० झाला, तरी दिवा लुकलुकतो, अवस्था मात्र योग्यच बदलते. एडवर्ड मूर यांच्या १९५६ मधल्या पद्धतीत दिवा फक्त अवस्थेवर चालतो, पण मग ‘१०११ पूर्ण’ अशी पाचवी अवस्था आणि तिसरा फ्लिप-फ्लॉप लागतो. मी बहुधा मीलीचंच सर्किट ठेवून Zपुढे एक डी फ्लिप-फ्लॉप जोडतो. तो Z फक्त ठोक्याच्या क्षणी पाहतो, मधली लुकलुक त्याला दिसतच नाही. दिवा मग ठोक्यानंतर लागतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत स्थिर राहतो.