जस्त कमी, भूक कमी

1972 साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात के. मायकेल हॅम्बिज या बालरोगतज्ज्ञाने एक साधं काम केलं. वरवर धडधाकट दिसणाऱ्या मुलांचे केस घेऊन त्यांतलं जस्त, म्हणजे झिंक, मोजलं. मुलं खात्यापित्या घरांतली होती, त्यामुळे उपासमारीचा प्रश्नच नव्हता. तरीही चार वर्षांवरच्या 132 मुलांपैकी दहा जणांच्या केसांत जस्त फारच कमी निघालं. ही दहा मुलं नीट पाहिली, तेव्हा त्यांतली बरीचशी वयाच्या मानाने बुटकी होती, आणि ‘हा जेवतच नाही हो’ ही त्यांच्या घरची जुनी तक्रार होती. सहा जणांची जीभ तपासली, तर पाच जणांना चव मंद लागत होती. मग त्यांना रोज थोडं जस्त दिलं, वजनाच्या किलोमागे 0.2 ते 0.4 मिलिग्रॅम. एक ते तीन महिन्यांत त्यांची चव पूर्ववत झाली.

मुलं फक्त दहा होती आणि तुलनेसाठी जस्त न दिलेला दुसरा गट नव्हता, हे खरं. एवढ्यावरून ठाम निष्कर्ष काढणं धाडसाचं झालं असतं. पण जस्त, चव, भूक आणि उंची या चार गोष्टी एकाच मुलात एकत्र दिसू शकतात, हे या अभ्यासाने पुढे आणलं.

लहान मुलाची चव तपासायची कशी? ‘तुला चव लागते का?’ असं विचारून काही हाती लागत नाही. चव हळूहळू बोथट झालेली असते, आणि मुलाला तुलनेला दुसरी जीभ नसते. म्हणून तीन थेंबांची युक्ती वापरतात. जिभेवर एकामागून एक तीन थेंब टाकायचे, दोन साध्या पाण्याचे आणि एक मिठाच्या किंवा साखरेच्या अगदी फिकट द्रावणाचा. वेगळा थेंब कोणता, हे मुलाने सांगायचं. ओळखता आलं नाही तर द्रावण थोडं दाट करायचं. ज्या दाटपणाला चव ओळखू येते, तो त्या मुलाचा उंबरठा. जस्त कमी असलेल्या मुलात हा उंबरठा वर सरकलेला असू शकतो. आपल्याला नेमकं वाटणारं वरण त्याला आळणी लागतं. अशी काही मुलं जेवण नाकारतात, पण लोणचं, फरसाण, मसाला शिंपडलेल्या चिप्स मात्र आवडीने खातात. घरात त्याला नखरे म्हणतात. दर वेळी ते नखरेच असतात असं नाही, आणि दर वेळी जस्तच कमी असतं असंही नाही.

उंबरठा वर का सरकतो, याची एक बाजू जिभेत आहे. जिभेवरच्या बारीक उंचवट्यांमध्ये चव ओळखणाऱ्या पेशींचे झुबके असतात, त्यांना रुचिकलिका म्हणतात. या पेशींचं आयुष्य सरासरी दहा दिवसांचं. जुन्या मरतात, खालून नव्या येतात. शरीरात जिथे पेशी अशा भराभर बदलतात, तिथे जस्ताची गरज मोठी असते, कारण पेशीचं विभाजन घडवणाऱ्या कितीतरी विकरांना जस्त लागतं. ते कमी पडलं की नव्या पेशींची भरती रेंगाळते.

दुसरी बाजू लाळेत आहे. कानाजवळच्या लाळग्रंथीतून गस्टिन नावाचं एक प्रथिन लाळेत येतं. त्याच्या रचनेच्या गाभ्यातच जस्त असतं. रुचिकलिकांची वाढ आणि पोषण या प्रथिनावर अवलंबून असतं, असं मानतात. ज्या रुग्णांच्या लाळेत ते कमी होतं, त्यांच्या रुचिकलिकांची रचना बिघडलेली आढळली आहे.

याचा एक पुरावा आपल्या जवळचाच आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी किशोरवयीन शाळकरी मुलींना दहा आठवडे जस्ताचा पुरवठा केला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार या मुलींना मिठाची चव आधीपेक्षा फिकट द्रावणातही ओळखता येऊ लागली.

इथवर वाचून वाटेल की चव गेली म्हणून भूक गेली, झालं! मला स्वतःला हे स्पष्टीकरण अपुरं वाटतं, आणि त्याला कारण उंदीर आहेत. जस्त काढून टाकलेलं खाद्य दिलं की वाढत्या वयाचे उंदीर तीन ते पाच दिवसांत खाणं कमी करतात. रुचिकलिका बिघडायला एवढे दिवस पुरत नाहीत. शिवाय त्यांचं खाणं एका सुरात घटत नाही. काही दिवस अगदी थोडं, मग जरा बरं, मग पुन्हा थोडं, असा साधारण साडेतीन-चार दिवसांचा फेरा सुरू होतो. जस्त परत दिलं की दोनेक दिवसांत खाणं पुन्हा वाढतं. म्हणजे भुकेचा बिघाड चवीच्या बिघाडाची वाट पाहत नाही. तो स्वतंत्रपणे, मेंदूत घडतो. तिथे न्यूरोपेप्टाइड वाय नावाचं एक रसायन भूक चाळवतं. जस्त कमी असलेल्या उंदरांच्या मेंदूत ते बनवण्याची तयारी उलट वाढलेली दिसते, पण ते हवं तिथे पोचून काम करत नाही. भुकेची हाक निघते, पण कानावर पडत नाही.

याहून बोलका प्रयोग वेगळाच आहे. खाणं सोडलेल्या या उंदरांना शास्त्रज्ञांनी नळीने पोटभर भरवलं. उंदीर सुधारायला हवे होते, पण ते आजारी पडले आणि लवकर दगावले. कमी खाणारे मात्र तग धरून राहिले. याचा अर्थ असा लावतात की जस्ताशिवाय शरीराला नव्या पेशी बांधताच येत नाहीत, आणि बांधता न येणारा माल आत येत राहिला तर तो पेलणं कठीण जातं. गवंडीच नसेल तर मुकादम विटांचा ट्रक परत पाठवतो, तसं शरीर आधी वाढ थांबवतं आणि मग भूक. उंदरांचा हा निष्कर्ष मुलांना जसाच्या तसा लावता येत नाही. पण चिऊ-काऊचे घास संपल्यावर नाक दाबून, रागावून, मोबाइल दाखवून भरवलेलं जेवण जस्ताची उणीव भरून काढत नाही, एवढं नक्की. कारण जे भरवतो त्यात जस्त पुरेसं असेलच असं नाही.

ते कसं, हे एका ताटावर मोजून पाहू. चार वर्षांची एक मुलगी धरा, शाकाहारी घरातली. दिवसभरात दोन कप दूध, लहान दोन पोळ्या, वाटीभर वरणभात आणि चार बिस्किटं, असं तिचं खाणं. ढोबळ हिशेबाने दुधातून सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास जस्त मिळेल, पोळ्यांतून एक, वरणभातातून एकाच्या किंचित खाली आणि बिस्किटांतून नावापुरतं. एकूण साडेतीनच्या आत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस या वयाला रोज 4.5 मिलिग्रॅमची आहे. पण आकड्यातली तूट हा अर्धाच भाग. गव्हाच्या कोंड्यात आणि डाळींत फायटेट असतं. ते आतड्यात जस्ताला धरून ठेवतं आणि सोबत बाहेर घेऊन जातं. अशा जेवणातलं पाचवा हिस्सा जस्त शोषलं गेलं, तर साडेतीनातून 0.7 मिलिग्रॅम हाती येतं. वाढत्या अंगाला साधारण 0.8 हवं असतं. फरक किरकोळ दिसतो, पण जस्त साठवून ठेवायला शरीरात लोहासारखं कोठार नाही. त्यात जुलाब लागले की जस्त विष्ठेतून वाहून जातं. मुलगी चतुर्थांश कमी खाऊ लागली की मिळणारं जस्तही चतुर्थांशाने घटतं, आणि त्याने भूक आणखी मंदावते.

आता त्याच ताटात भर न घालता अदलाबदल करू. बिस्किटांऐवजी तीळ-शेंगदाण्याचा छोटा लाडू दिला तर सुमारे एक मिलिग्रॅम जस्त वाढतं. वरणाच्या जागी अधूनमधून मोड आलेल्या मटकीची उसळ करावी, कारण भिजवून मोड आणताना धान्य स्वतःच काही फायटेट मोडून टाकतं. आंबवण्यानेही हेच होतं, म्हणून इडली-डोसा, घावनाचं आंबवलेलं पीठ, नाचणीची आंबील या बाबतीत पोळीपेक्षा सरस ठरतात. अंडं चालत असेल तर एकातून अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडं अधिक, आणि मटण चालत असेल तर पन्नास ग्रॅमांतून दोनच्या आसपास मिळतं, तेही सहज शोषलं जाणारं. दूध मात्र दोन कपांवर नेऊ नये. दुधाने भरलेलं पोट जेवण मागत नाही.

2016 ते 2018 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या 19 टक्के भारतीय मुलांत जस्ताची कमतरता आढळली. म्हणजे पाचांतल्या चौघांत ती नव्हती. न जेवणाऱ्या मुलाला लगेच झिंकचं सिरप आणण्याआधी हा आकडा उलटाही वाचावा. पहिल्या वर्षात बाळाचं वजन सहा-सात किलोंनी वाढतं, दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलोंनी. त्यामुळे वर्षानंतर भूक कमी होणं हे बऱ्याचदा निसर्गाचंच गणित असतं. जंत, लोहाची कमतरता, बद्धकोष्ठता, लघवीतला जंतुसंसर्ग, क्षयरोग, यांनीही भूक मरते. उंची आणि वजनाचा आलेख व्यवस्थित वर जात असेल, तर मूल त्याच्या गरजेपुरतं खातं आहे. आलेख आडवा झाला, जुलाब आणि सर्दीखोकला वारंवार होऊ लागला, जखमा भरायला वेळ लागला, तोंडाभोवती किंवा ढुंगणावर बरा न होणारा चट्टा उठला, केस विरळ झाले, तर जस्ताचा संशय घ्यावा. नखांवरचे पांढरे ठिपके मात्र यात धरू नयेत. ते बहुधा नखाला लागलेल्या बारीकसारीक मारामुळे येतात.

रक्त तपासलं की उत्तर मिळेल, अशीही सोय नाही. शरीरातल्या जस्ताचा हजारावा हिस्सासुद्धा रक्तद्रवात नसतो, आणि ताप असताना किंवा नुकतं जेवल्यावर तो आकडा एरवीही खाली येतो. केसांचा अहवाल शॅम्पू आणि वाढीच्या वेगाने बदलतो. त्यामुळे डॉक्टर पुष्कळदा आहार, आलेख आणि लक्षणं पाहून ठरावीक मुदतीपुरतं जस्त देऊन पाहतात. जुलाबात सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅम जस्त 10 ते 14 दिवस देतात, तो डोस वेगळा. तो पाहून महिनोन्‌महिने तेवढंच देत राहिलं तर तांब्याचं शोषण अडतं आणि रक्तक्षय होऊ शकतो. उपाशीपोटी जास्त जस्त दिलं तर मळमळ आणि उलटी होते, म्हणजे भूक लागावी म्हणून दिलेलं औषधच मुलाला जेवणापासून दूर नेतं. लोहाचं औषध चालू असेल तर दोन्हींच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. खरोखर कमतरता असेल तर काही आठवड्यांत मूल स्वतःहून ताटाकडे वळतं. डॉक्टरांनी दिलेली मुदत संपूनही फरक पडला नाही, तर सिरपची दुसरी बाटली आणू नये. मुलाला पुन्हा तपासायला न्यावं, कारण भूक न लागण्याचं कारण तेव्हा दुसरीकडे असतं.