झेंडूच्या वाफ्याचा फोटो कसा वाचायचा?



दसऱ्याच्या आधी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर झेंडूचे फोटो यायला लागतात. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीच्या बाबांनी दुपारी दोन वाजता फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "मॅडम, रोपं माना टाकतायत. पाणी सोडू का?" ग्रुपवर लगेच चार जणांनी "सोडा, सोडा" असं उत्तर दिलं. मी म्हटलं, "दादा, उद्या सकाळी सातला त्याच जागेवरून अजून एक फोटो पाठवा, मग ठरवू." परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही ते दोन फोटो शेजारी शेजारी लावले, आणि आजचा पाठ तिथूनच सुरू झाला.

१. मान टाकलेलं रोप

दुपारच्या उन्हात झेंडू माना टाकतो, त्यात नवल नाही. पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं त्या वेळी वर चढवू शकत नाहीत. संध्याकाळी ऊन उतरलं की रोप परत ताठ होतं. म्हणून दुपारच्या एकट्या फोटोवरून पाणी कमी आहे की रोग आहे, हे सांगता येत नाही. सकाळी गारव्यातही रोप वाकलेलंच दिसलं, तर काळजी करायची.

सकाळच्या फोटोत बहुतेक रोपं सरळ उभी होती. सात रोपं मात्र तशीच वाकलेली, आणि ती सगळी सरीच्या सखल टोकाला, जिथे पावसाचं पाणी साचून राहिलं होतं. पाणी कमी पडलं असतं, तर उंच टोकाची रोपं आधी सुकली असती. मुलांनी हे स्वतः ओळखलं बरं का!

पुढचं काम फोटोने होत नाही. दादांनी एक रोप मुळासकट उपटलं. मातीलगतचं खोड काळपट आणि मऊ झालं होतं, बोटाने चोळलं की साल निघून येत होती, मुळं तपकिरी. ही बुरशीने होणारी खोडकूज. ओल जास्त राहिली की ती वाढते. म्हणजे ग्रुपचा सल्ला ऐकून पाणी सोडलं असतं, तर नुकसान वाढलंच असतं. (मर रोगात खोड बाहेरून बरं दिसू शकतं. ते उभं चिरलं की आत तपकिरी रेषा दिसतात, म्हणून चिरून बघायला विसरू नका.)

दादांनी पाणी थांबवलं, चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढलं आणि सातही रोपं मातीसकट उचलून शेताबाहेर टाकली. कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली नाहीत, कारण बुरशी तिथून परत शेतात येऊ शकते. आठवड्याने आणखी दोन रोपं गेली, बाकीचा वाफा टिकला. औषधाचं नाव आणि प्रमाण मात्र फोटोवरून कोणी सांगू नये. त्यासाठी उपटलेलं रोप घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्यांना भेटावं.

२. पानावरचे ठिपके

पानाचा फोटो वरून एक आणि खालून एक, असे दोन घ्यायचे. भर उन्हात पान चमकतं आणि ठिपका पुसट दिसतो. म्हणून आपल्याच अंगाची सावली पाडायची आणि पानामागे वहीचा कोरा कागद धरायचा.

आमच्या फोटोत खालच्या पानांवर तपकिरी ठिपके होते. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, चिखल उडालाय." शंका रास्तच होती! मग ओल्या बोटाने पान पुसून परत फोटो घेतला. काही ठिपके गेले, काही राहिले. राहिलेल्या काही ठिपक्यांत एकात एक अशी वर्तुळं दिसत होती. ही करपा रोगाची खूण. हा रोग बहुधा खालच्या पानांवर आधी दिसतो, कारण पावसाच्या थेंबांबरोबर बुरशी मातीतून पानांवर उडते. अशी पानं थोडीच असतील तर तोडून बाहेर न्यावीत, आणि पाणी पानांवर न मारता बुंध्याशी द्यावं.

पानावर मोठा ठिपका नाही, पण बारीक पिवळट टिंबं पसरलीत आणि पान धुळकट दिसतंय, असं असेल तर खालच्या बाजूचा फोटो बघा. बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी असते. कोऱ्या कागदावर पान झटका. कागदावरचे कण चालायला लागले, की खात्री पटते.

३. कळी

कळीचा फोटो बाजूने, देठापर्यंत घ्यायचा. आपण एकच प्रश्न विचारायचा: भोक आहे का? गोल भोक आणि शेजारी विष्ठेचे बारीक दाणे दिसले, तर अळी. भोक नाही, पण कळी न उमलताच तपकिरी होऊन वाळली, तर कळीकूज. अळी असेल तर कळी फोडून बघायची, कारण कधी कधी ती पुढच्या कळीवर गेलेली असते आणि मागे फक्त भोक उरतं. एक गफलत इथे हमखास होते. फुलून जुनं झालेलं फूलही तपकिरीच दिसतं. पाकळ्या उमलल्या होत्या का, हे आधी बघा.

४. फुलांची प्रतवारी

तोडणी सकाळी, पण दव सुकल्यावर. ओली फुलं पोत्यात तापतात आणि सडतात. तोडल्यावर सावलीत पसरायची. प्रतवारीसाठी आम्ही पुठ्ठ्यात दोन गोल भोकं पाडली, एक ७ सेंटीमीटरचं, दुसरं ५ चं. ही मापं आम्ही वर्गासाठी ठरवली होती. तुमच्याकडे व्यापारी काय मागतो, ते विचारून ठरवा.

आमचा नियम असा होता: मोठ्या भोकातून न जाणारं, पूर्ण उमललेलं, एकसारख्या रंगाचं, कोरडं आणि बिनडागी फूल म्हणजे एक नंबर. मधल्या मापाचं किंवा पाकळ्या थोड्या सैल झालेलं ते दोन नंबर. कुजलेलं, भोक पडलेलं किंवा अगदीच बारीक फूल बाजूला.

६० फुलं वर्तमानपत्रावर मांडून वरून फोटो काढला. फोटोवरून मुलांनी प्रतवारी केली: एक नंबर ४१, दोन नंबर १४, बाजूला ५. मग प्रत्येक फूल हातात घेऊन उलटं केलं. एक नंबरातल्या ४ फुलांच्या हिरव्या बुडाला भोक किंवा कुजका डाग निघाला, आणि ३ फुलांच्या पाकळ्या हाताला सैल लागल्या. नवा हिशोब: ३४, १७ आणि ९. बेरीज तीच ६०, पण एक नंबरातली ७ फुलं कमी झाली.

हा फरक बाजारात लगेच कळतो. व्यापारी पोत्याच्या तळात हात घालून मूठभर फुलं वर काढतो आणि तीच बघून भाव सांगतो. डागी फुलं मिसळली तर चांगल्यांचाही भाव पडतो. दादांनी दोन नंबरची फुलं वेगळी ठेवून गावातच तोरणांसाठी दिली आणि एक नंबरचे क्रेट बाजारात नेले.

वर्गात करून बघायचं असेल तर एकाच रोपाचे पाच फोटो पुरतात: दुपारचं रोप, सकाळचं रोप, पानाची वरची बाजू, खालची बाजू आणि बाजूने कळी. प्रत्येक फोटोखाली मुलांकडून दोन ओळी लिहून घ्या, "काय दिसतंय" आणि "हात लावून काय बघायला हवं". दुसरी ओळ लिहायला मुलं जास्त वेळ घेतात, तो वेळ त्यांना द्या.