लोखंडाच्या राशीवर उपाशी

जुलै संपता संपता सोयाबीनचं रान अंगात येतं. यंदा आमच्या कृषी विद्यालयाच्या शेतावर मात्र त्या हिरव्यागार पिकाच्या मधोमध चार-पाच गुंठ्यांचं पिवळं ठिगळ उठलं. बियाणं एकच, पेरणी एकाच दिवशी, खतही एकाच पोत्यातलं. प्रात्यक्षिकाला आलेल्या पोरांपैकी एकानं लांबूनच निकाल दिला, "सर, युरिया कमी पडलाय." मी म्हटलं, "लांबून नको. एक झाड उपट आणि खालची पानं बघ."

खालची पानं हिरवी होती. पिवळी होती ती शेंड्याकडची कोवळी पानं, आणि त्यांतही शिरा हिरव्याच राहिल्या होत्या, जणू कुणी पिवळ्या कागदावर हिरव्या शाईनं जाळी काढावी. एवढ्यावरून युरियाचा निकाल फिरतो. नत्र झाडात हिंडतं. ते कमी पडलं की झाड म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं, म्हणून आधी खालची पानं पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. ज्या पानात ते एकदा बसलं तिथून सहसा हलत नाही, म्हणून टंचाई आली की नव्या पानाच्या वाट्याला काहीच येत नाही. लोह हरितद्रव्यात नसतं, पण ते तयार करायला लागतं. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. केवड्याचं पिवळेपण ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं वर्णन नको.

आता चक्रावून टाकणारी गोष्ट. एक एकर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे ९ लाख किलो माती असते. जगभरच्या मातीत सरासरी पावणेचार टक्क्यांच्या आसपास लोह असतं, आणि आपली काळी माती तर लोहानं भरलेल्या बेसाल्टपासून झालेली. सरासरीच धरली तरी एकरी ३४ टन लोह झालं. सोयाबीनच्या एकरभर पिकाला हंगामात किलोभर पुरे. म्हणजे धान्यानं भरलेल्या कोठारात बसून घरधन्यानं उपाशी राहावं, तसं चाललेलं होतं. कोठाराला कुलूप कुणी लावलं, हे त्या दिवशी शोधायचं होतं.

शोधासाठी पहिली अट अशी, की नमुने दोन हवेत. एक पिवळ्या ठिगळातला, दुसरा दहा पावलांवरच्या हिरव्या पिकातला. खड्डा इंग्रजी व्ही अक्षरासारखा, वीतभर खोल, आणि त्याच्या भिंतीवरून वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीचा काप. नुसता पिवळ्या जागेचा नमुना घेतला तर आकडे मिळतात, पण ते कशाच्या तुलनेत वाईट, हे कळत नाही.

आधी हाताची चाचणी. मूठभर मातीतले खडे काढायचे आणि थेंब थेंब पाणी घालत ती चपातीच्या कणकेसारखी मळायची. मग गोळा मुठीत धरून अंगठ्यानं तर्जनीवर दाबत पुढे सरकवायचा, म्हणजे त्याची पट्टी निघते. वाळूसर मातीची पट्टी निघतच नाही. अडीच सेंटीमीटरच्या आत तुटली तर पोयटा, पाचाच्या आत तुटली तर चिकण पोयटा, आणि त्याहून लांब लोंबकळत राहिली तर चिकणमाती. आमच्या दोन्ही नमुन्यांच्या पट्ट्या पाचाच्या पुढे गेल्या. पोरांची घाई इथं नडते. काळं ढेकूळ आतून कोरडं राहतं, मग पट्टी लवकर तुटते आणि भारी जमीन मध्यम ठरते. दोन-तीन मिनिटं मळायलाच हवं.

बाटलीची चाचणीही केली. एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याची पावडर, आणि पाच मिनिटं हलवून ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ दोनेक तासांत, चिकणमातीला दिवस उलटतो. पण पिवळ्या ठिगळाच्या बाटलीतलं पाणी तासाभरातच नितळ झालं. चिकणमाती नाहीच की काय? आत्ताच तर लांब पट्टी निघाली होती! हे कोडं पोरांना तिथंच सोडून मी पुढे गेलो.

चिकणमातीचा कण दोन हजारांश मिलिमीटरपेक्षा लहान असतो. काळ्या मातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाचे कण तर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी पानांच्या मध्ये शिरलं की माती फुगते, निघून गेलं की उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. शुद्ध खनिजाच्या जेमतेम सहा ग्रॅममधली सगळी पानं उलगडून त्यांच्या दोन्ही बाजू मोजल्या, तर पृष्ठभाग जवळजवळ एकरभर भरेल. एवढ्या पृष्ठभागावर कॅल्शियम, पोटॅशियम धरून ठेवलेलं असतं, म्हणून भारी जमीन श्रीमंत असते. पण याच बारीक कणांमुळे पाणी मुरत नाही आणि हवा कोंडते. हे पुढे लागेल.

मग सामू. हे माप सोरेन्सन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, बिअरशी निगडित कामातून काढलं. २० ग्रॅम मातीत ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी घालून मधूनमधून ढवळत अर्धा तास ठेवायचं आणि वरच्या नितळ पाण्यात कागदी पट्टी बुडवायची. पेट्रोलपंपावर बॅटरीत घालायला मिळतं ते पाणी चालतं, मात्र बॅटरीचं आम्ल नव्हे. बोअरचं पाणी वापरलं तर तुम्ही मातीचा नाही, बोअरचाच सामू मोजता. आमचे दोन्ही नमुने पट्टीवर आठच्या आसपास आले. पोरांचे चेहरे पडले, कारण फरक दिसेना. कागदी पट्टी अर्ध्या अंकाखाली बोलत नाही, तिच्याकडून त्याहून जास्त मागू नये.

आठ या आकड्यात मात्र अर्धं उत्तर होतं. हवेशीर मातीत लोह गंजाच्या रूपात असतं. त्यातला लोहाचा एक आयन पाण्यात सुटायचा तर त्याला हायड्रॉक्सिलच्या तीन आयनांपासून तुटावं लागतं. सामू एका अंकानं वाढला की हायड्रॉक्सिल दहापट होतात, आणि बंध तीन असल्यामुळे मोकळं लोह दहा गुणिले दहा गुणिले दहा, म्हणजे हजार पटीनं घटतं. सहावरून आठवर गेलात की दहा लाख पट! कोकणातल्या जांभ्या मातीत सामू पाच-सहाच्या आसपास असतो. तिथं लोह एवढं मोकळं आणि चपळ, की तेच स्फुरदाला मिठी मारून बसतं आणि भाताला स्फुरद मिळत नाही.

तरी शेजारचं पीक त्याच आठवर हिरवं होतं, म्हणून शेवटची चाचणी, चुन्याची. प्रयोगशाळेतून दहा टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल आणलं होतं. ते तयार करताना पाण्यात आम्ल घालतात, आम्लात पाणी कधीच नाही. एक जण कोरड्या ढेकळावर थेंब सोडून ओरडला, "सर, फसफसतंय!" मी त्याच ढेकळावर साधं पाणी टाकलं, तरी बुडबुडे आलेच. ती आतली हवा होती. म्हणून माती आधी ओली करायची, आणि मगच आम्ल. ओल्या हिरव्या नमुन्यावर तुरळक बुडबुडे दिसले. पिवळ्यावर ताकावर यावा तसा फेस चढला. नुसता कानाला आवाज आला तर चुना दोन टक्क्यांच्या आत, बुडबुडे दिसले तर दहापर्यंत, आणि फेस धरला तर त्याहून जास्त, असा ढोबळ हिशेब. घरी व्हिनेगर वापरता येतं, पण ते मवाळ असल्यामुळे कमी चुना त्याला सापडत नाही.

बाटलीचं कोडंही सुटलं. चुनखडीतल्या कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि गाळाबरोबर खाली बसतात. अशा जमिनीत बाटलीपेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा.

पण एकाच शेतात हे ठिगळ आलं कुठून? नांगर धरून आयुष्य गेलेले आमचे मामा बांधावर तंबाखू मळत उभे होते. ते म्हणाले, "तिथं उंचवटा हुता की. सपाटी करताना वरची काळी माती ढकलली खाली, अन् चुनखडीचा थर उघडा पडला." आमच्या चार चाचण्यांच्या आधी त्यांनाच विचारायला हवं होतं.

मग सामू खाली आणण्यासाठी गंधक टाकू या, असं एकीनं सुचवलं. वहीत हिशेब मांडला. एकरातला एक टक्का चुना म्हणजे ९ टन. १०० किलो चुना संपवायला ३२ किलो गंधक लागतं, म्हणजे एका टक्क्याला जवळजवळ ३ टन. आमच्याकडे चुना दहा टक्क्यांच्या वर. ३० टन गंधक ऐकून तिनं स्वतःच पान उलटलं. जमिनीत नुसतं हिराकस टाकलं तर तेही थोड्याच दिवसांत गंजून त्या ३४ टनांच्या राशीत जमा होतं.

झाडही गप्प बसलेलं नसतं. सोयाबीनची मुळं आपल्याभोवती आम्ल सोडतात आणि गंजातल्या लोहाचं रूप बदलून ते आत ओढतात. पण झड लागली, भारी मातीत पाणी साचलं, की मुळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड कोंडतो, चुनखडीशी मिळून बायकार्बोनेट होतो आणि ते आम्ल जागच्या जागी मारून टाकतो. म्हणून केवडा झडीत उठतो आणि वाफसा आला की पुष्कळदा आपोआप ओसरतो. गवताच्या कुळाची तऱ्हा निराळी. बार्लीची मुळं लोहाला चिमट्यात धरून आणणारी रसायनंच मातीत पाठवतात, त्यांना सामूची फारशी पर्वा नसते. भुईमुगात मक्याचं आंतरपीक घेतलं तर भुईमुगाचा केवडा कमी होतो, हे चीनमधल्या संशोधकांनी दाखवलंय. शेजाऱ्यानं आणलेल्यातलं भुईमुगालाही मिळतं.

निदान पक्कं करायला आम्ही अर्ध्या टक्क्याचं द्रावण केलं: १०० मिलिलिटर पाण्यात अर्धा ग्रॅम हिराकस, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि साबणाचा थेंब. हिराकस फिकट हिरवं असावं, तांबूस झालं असेल तर ते डबीतच गंजलं. पोरांनी पिवळ्या पानांवर ब्रशनं आपापली आद्याक्षरं लिहिली. पाचव्या दिवशी गेलो तर पिवळ्या पानांवर हिरवी "स" आणि "प" उमटली होती. नत्र कमी असतं तर अक्षरं उठली नसती.

मग त्याच प्रमाणात, १० लिटरला ५० ग्रॅम, संध्याकाळी फवारणी घेतली. आठवड्यानंतर ठिगळ लांबून दिसेनासं झालं. युरियावाला पोरगा मात्र जवळ जाऊन वाकला आणि म्हणाला, "सर, अक्षरं लिहिलेली पानं हिरवी आहेत, पण त्यांच्यावर फुटलेलं नवं पान परत पिवळंच." दुसऱ्या फवारणीची तारीख त्यानंच फळ्यावर लिहिली.