खडू मुलांच्या हाती देण्याआधी

सातवीच्या वर्गात फळ्यावर विषय पडतो : 'आमच्या गावचा बाजार'. दहा ओळी लिहा. मुलं लिहितात : बाजार रविवारी भरतो. तो खूप छान असतो. तिथे भाजी मिळते. मला बाजार आवडतो. एकही वाक्य चुकीचं नाही, पण परिच्छेद काही झालेला नसतो. कारण परिच्छेद होतो कसा, हे मुलांनी कुणाला करताना पाहिलेलंच नसतं.

1983 साली पिअर्सन आणि गॅलाघर या अमेरिकी अभ्यासकांनी वाचन शिकवण्याविषयी एक मांडणी केली. काम आधी शिक्षकाचं, मग दोघांचं, शेवटी मुलाचं, अशी जबाबदारी हळूहळू सोपवायची. लेखनालाही ती चपखल बसते.

पहिली दहा मिनिटं पेनं खाली. बाई फळ्यावर लिहितात आणि मनातलं मोठ्यानं बोलतात : "'बाजार छान असतो', हे तर कुठल्याही बाजाराबद्दल म्हणता येईल. आपल्या बाजाराचं काय? संध्याकाळी भाव उतरतात. मग हेच पहिलं वाक्य. का उतरतात? उरलेली मेथी परत न्यायची कोणाला?" पुढे त्या लिहितात, 'बाजारात कपडेही मिळतात', थबकतात आणि ते खोडतात. वाक्य खरं आहे, पण भाव उतरण्याशी त्याचा संबंध नाही. माझ्या मते सगळा धडा या खोडण्यात आहे. तयार, सुबक परिच्छेद फळ्यावर उतरवला तर तो मुलांना दिसतच नाही.

मग विषय बदलतो : मधली सुट्टी. खडू बाईंकडे, वाक्यं मुलांची. "मधल्या सुट्टीत मजा येते." "कुठे? कशाची?" असं करत 'मधल्या सुट्टीत सगळ्यात जास्त भांडणं नळापाशी होतात' इथवर गाडी येते. कुणी म्हणतं, "आम्ही डबा खातो." ठेवायचं की खोडायचं, हे वर्गानं ठरवायचं. इथेच फसगत होते. चार हुशार हात वर होतात आणि सगळ्यांना कळलं असं वाटतं. म्हणून आधी प्रत्येकानं आपलं वाक्य वहीच्या मागच्या पानावर लिहायचं, मगच बोलायचं.

पुढे जोडीनं. एक कागद, एक पेन, दर वाक्याला हात बदलायचा. ही पायरी वेळेअभावी सर्रास गाळली जाते आणि कच्ची मुलं नेमकी तिथेच मागे राहतात. शेवटी एकट्यानं लिहायचं, तेही नव्या विषयावर. जुनाच विषय दिला तर फळाच वहीत उतरतो. 'याचं कारण…' अशी दिलेली सुरुवातही आता काढून घ्यायची.

जमलं का, हे पाहायला पहिलं वाक्य झाकायचं आणि शेजाऱ्यानं उरलेलं वाचून ते ओळखायचं. शब्द जुळायला नकोत, मुद्दा जुळला की पुरे. पाच-सहा जणांचा जुळला नाही तर त्यांना घेऊन पुन्हा फळ्यापाशी बसायचं. अर्ध्या वर्गाचा जुळला नाही तर सगळ्यांनीच एक पायरी मागे यायचं.

घरी मुलाची वही हाती आली तर तुम्हीही एकदा पहिलं वाक्य अंगठ्याखाली झाकून वाचून पाहा.